सरासरी एकशे अठरा

धोंडीरामनानांनी बाजार सोडून बरीच वर्षं झाली होती, पण बाजार काही नानांना सोडायला तयार नव्हता. उभी हयात त्यांनी लासलगावच्या कांदा बाजारात एका व्यापाऱ्याच्या वतीनं बोली लावण्यात घालवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतला मूठभर कांदा उचलायचा, एकदा दाबायचा, आणि शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे न बघता भाव पुकारायचा. आता बाजारापासून जवळच्याच गावात ते घर धरून होते. तरी सकाळी चहाबरोबर मोबाईलवर आदल्या दिवसाचे भाव बघितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घोट उतरत नसे. कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. हे तीन आकडे ते मोठ्यानं वाचत आणि साळूबाई, त्यांची बायको, चुलीपाशी बसून, "झाली का आरती?" असं विचारायची.

दोन वर्षांपूर्वी नानांना चक्कर आली, तपासणीत बीपी निघालं, गोळी सुरू झाली. मुलगा दीपक नाशिकला अंबडच्या एका कंपनीत कामाला, तो येताना बीपी मोजायचं मशीन घेऊन आला. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, मशीन गुरगुरायचं आणि दोन मोठे आकडे दिसायचे, एक वर आणि एक खाली. नाना चष्मा लावून त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. ही तर आपलीच भाषा!

वरचा तो जास्तीत जास्त, खालचा तो कमीत कमी. दिवसभरात रक्त कुठवर चढलं आणि कुठवर उतरलं, एवढंच तर सांगतंय मशीन. आता बाजारात ज्यानं हयात घालवली त्याला कुणी शिकवायला नको की वरच्या भावाला भुलू नये. तो एखाद्याच्या चार क्विंटल चकचकीत मालाला मिळतो. खालचा भाव मोड आलेल्या, भिजलेल्या मालाचा. बाकीच्या शेकडो ट्रॉल्या सरासरीत जातात. खरा बाजार म्हणजे सरासरी. तेव्हा नानांनी दोन्ही आकड्यांची बेरीज केली, निम्मी केली आणि जाहीर केलं, "एकशे नऊ. फसकलास!"

मशीन बनवणाऱ्यांनी सरासरीचा रकाना कसा काय ठेवला नाही, याचं मात्र त्यांना नवल वाटलं. शिकलेली माणसं, पण बाजाराची अक्कल नाही म्हणून त्यांनी सोडून दिलं.

हळूहळू शेजारपाजारचेही पट्टा बांधून घ्यायला येऊ लागले. नाना ओट्यावर बसून पट्टा बांधायचे, लिलावातल्या आवाजात सरासरी पुकारायचे. सव्वाशेच्या आत सरासरी असली की माणूस ठणठणीत, हा नियमही त्यांचाच. तो कुठून आला असं कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर नानांनाही सांगता आलं नसतं. खरं म्हणजे नानांची गोळी वेळेवर चालू होती म्हणून त्यांचं बरं चाललं होतं. श्रेय मात्र सरासरी खात होती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सुनेला, पूजाला, दिवस गेले.

पूजा देवळ्याकडची. बारीक अंगाची, कमी बोलणारी, पण बोलली की नेमकं बोलणारी. तिचं पहिलं मूल चौथ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यानंतर घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि त्या न बोलण्यामुळंच ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं होतं. या वेळी साळूबाई सुनेला पाण्याचा हंडाही उचलू देत नव्हती. रक्त कमी होतं म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. गावच्या उपकेंद्रातली नर्स, निकिताताई, दर महिन्याला तपासायची. सातवा सरता सरता तिनं पूजाचं बीपी घेतलं आणि जरा थांबली.

"एकशे सव्वीस, चौऱ्याऐंशी. वाईट नाही, पण मागच्यापेक्षा वाढलंय. घरी मशीन आहे ना? दोन दिवसांआड बघत जा. वरचं एकशे चाळीस झालं किंवा खालचं नव्वद झालं, दोन्हींपैकी काहीही झालं, तर मला फोन कर. वाट बघू नकोस."

पूजानं मान हलवली, घरी येऊन तसंच्या तसं सांगितलं. मशीनचा कारभार नानांकडे, त्यामुळं पुढची जबाबदारी आपोआप नानांवर आली. आणि नानांनी ती जिवापाड उचलली, हे मात्र कबूल करायला हवं. सुनेला दोन दिवसांआड कशाला, ते रोज बोलवायचे. "ये पोरी, बाजार बघू." पूजा हात पुढं करायची. उन्हाळ कांद्याचे दिवस, अंगणापलीकडच्या कांदाचाळीत माल भरायचं काम चालू, बाया ओळीनं बसून निवडताहेत, आणि ओट्यावर सासरा सुनेच्या दंडाला पट्टा गुंडाळतोय, असं ते चित्र. भागीबाई नावाची म्हातारी मजूर एकदा म्हणालीसुद्धा, "असा सासरा मला भेटला अस्ता तर मी बारा बाळंतपणं केली अस्ती!"

आठवा लागला आणि एका सकाळी मशीननं दाखवलं, एकशे बत्तीस, नव्वद.

"नाना," पूजा म्हणाली, "खालचं नव्वद झालं. ताईंनी फोन करायला सांगितलाय."

नाना हसले. "अगं येडी का तू? नव्वद म्हंजे हमीभाव. त्याच्या खाली जायला नको, असं म्हनल्या असतील त्या. तू दोन म्हैन्यापूर्वी शहात्तर होतीस. कशी होतीस तवा? चार पायऱ्या चढली का धाप लागायची. आता किमान भाव वर आला, म्हंजे अंगात जोर आला. बाजारात खालचा भाव वर सरकला ना, का समजायचं बाजार बळकट झाला."

"पन त्या वाढलं तर म्हनल्या होत्या."

"एकशे चाळीस वाढलं तर. ते कुठं वाढलंय? सरासरी बघ, एकशे अकरा. लय भारी!"

पूजा जरा घुटमळली. पण माणसाला जे ऐकायचं असतं ते कुणी ठामपणे सांगितलं की मन लगेच विकलं जातं. एकदा मूल गेलेल्या बाईला 'सगळं चांगलं चाललंय' यापेक्षा गोड काय असणार? तिनं पट्टा सोडवला आणि आत गेली.

पुढच्या दिवसांत आकडे चढत राहिले. एकशे छत्तीस, शहाण्णव. नाना खुशीत. पूजाचा चेहरा भरला, साळूबाई म्हणाली, "तेज आलंय." पायातली जोडवी रुतायला लागली म्हणून ती काढून ठेवली, गरोदरपणात पाय सुजायचेच. मग डोकं दुखायला लागलं. उन्हाळ्याचं ऊन, चाळीतला कांद्याचा उग्र वास, कुणाचं डोकं दुखणार नाही? साळूबाईनं कपाळाला सुंठ उगाळून लावली.

त्या सोमवारी सकाळी आकडे आले एकशे अडतीस, अठ्ठ्याण्णव. पूजा आज चहाही न पिता परत जाऊन आडवी झाली. नानांची गोळी संपत आली होती म्हणून ते उपकेंद्राकडे निघाले. पायात चप्पल सरकवताना त्यांनी दाराशी थांबून बायकोला सांगितलं, "एकशे अठरा सरासरी. पोरगी म्हंजे सोनं हे."

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत दोन बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या. निकिताताई आत टेबलाशी. वयानं पूजाएवढीच, पण तिच्यासमोर भल्याभल्यांची जीभ जरा जपून चाले. तिनं नानांचं बीपी घेतलं, ठीक आहे म्हणाली, महिन्याच्या गोळ्या मोजायला लागली.

"पूजा कशी आहे, नाना? फोन नाही तिचा, म्हणजे बरी असणार. परवा येतेच मी."

झालं. नानांना तेवढंच पाहिजे होतं. "बरी? अहो ताई, तेजी हे तेजी! म्हैन्यापूर्वी एकशे सव्वीस-चौऱ्याऐंशी, सरासरी एकशे पाच. मग एकशे बत्तीस-नव्वद. मग एकशे छत्तीस-शहाण्णव, एकशे सोळा सरासरी. आन आज? एकशे अडतीस-अठ्ठ्याण्णव! किमान भाव बघा कसा चढत गेला. एक दिवस म्हनून मंदी नाय. तुमच्या गोळ्या लागू पडल्या, ताई, उपकार हेत तुमचे."

निकिताताईच्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली.

"खालचं अठ्ठ्याण्णव? आज?"

"आज सकाळी."

"नाना, तिचं डोकं दुखतंय का?"

"दुखतंय थोडं. ऊन हे ना."

"डोळ्यांपुढं अंधारी? चेहऱ्यावर सूज?"

आता नानांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. निकिताताईनं उत्तराची वाट बघितलीच नाही. पडवीतल्या बायकांना "बसा, आशाताईंना पाठवते" एवढं सांगून तिनं पिशवी उचलली, मोबाईल कानाला लावला आणि स्कूटीला किल्ली लावता लावता प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलायला लागली. "बसा मागं," ती नानांना म्हणाली. नाना बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणा पोरीच्या मागं स्कूटीवर बसले होते आणि त्याचं भानसुद्धा त्यांना नव्हतं.

पूजा आतल्या खोलीत खाटेवर डोळ्यांवर पदर घेऊन पडली होती. निकिताताईनं तिला उठवून भिंतीला टेकून बसवलं, पाय खाली टेकायला लावले, हात उशीवर छातीच्या उंचीला ठेवला. "पाच मिनिटं बोलायचं नाही कुणी." मग तिनं आपला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबून हवा भरली, कानात नळ्या घालून हळूहळू हवा सोडत राहिली. नाना त्या तबकडीवरच्या काट्याकडे बघत होते. तिनं थोड्या वेळानं पुन्हा एकदा घेतलं. आकडा तोच.

"एकशे चव्वेचाळीस, एकशे दोन."

लघवी तपासायची पट्टी बुडवली तर रंग गडद हिरवा झाला. लघवीतून प्रथिनं जात होती. तिनं पुन्हा डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलेली गोळी पूजाला दिली, तिला डाव्या कुशीवर झोपवलं, रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन लावला. गाडी नाशिकला न्यायची, मोठ्या सरकारी रुग्णालयात. साळूबाई देवाजवळ दिवा लावायला गेली आणि काडी पेटेना म्हणून तिथंच रडायला लागली. दीपकला फोन झाला. तो कंपनीतून थेट रुग्णालयात पोचणार होता.

आता गाडीची वाट बघणं तेवढं उरलं. निकिताताई पूजाच्या मनगटावर बोटं ठेवून बसली होती. नाना दारात उभे होते. बाजारात हजार माणसांत आवाज चढवणारा हा माणूस, पण त्याचा आवाज आता जेमतेम निघाला.

"ताई, माझं काय चुकलं?"

रागवायचं तर हीच वेळ होती. निकिताताई रागावली नाही. तिनं त्यांना जवळ बोलावलं आणि आपली मूठ पुढं धरली.

"ही मूठ म्हणजे हृदय समजा. मूठ आवळली," तिनं आवळली, "की रक्त जोरात नळ्यांमध्ये ढकललं जातं. त्या क्षणी नळ्यांच्या भिंतींवर सगळ्यात जास्त दाब येतो. तो वरचा आकडा. आता मूठ सैल केली. हृदय सैल पडून पुन्हा रक्त भरून घेतंय. तेव्हा ते ढकलत नाही, पण नळ्या काही रिकाम्या होत नाहीत. त्या वेळी त्यांच्यात जो दाब उरतो, तो खालचा आकडा."

"आन हे दिवसातून किती बारी व्हतं?"

"दर ठोक्याला, नाना. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा."

नानांनी आपल्या हाताची मूठ केली, सैल सोडली, पुन्हा केली. "म्हंजे जास्तीत जास्त न कमीत कमी, हे बरोबरच हे?"

"बरोबर आहे. पण दिवसाचं नव्हे. एका ठोक्याचं."

"आन सरासरी?"

"ती डॉक्टर काढतात, पण अशी निम्मी करून नाही. हृदय आवळतं थोडा वेळ, सैल असतं जास्त वेळ, म्हणून ती खालच्या आकड्याच्या बाजूला झुकते. आणि गरोदर बाईच्या बाबतीत सरासरीवर भागत नाही. दोन्ही आकडे वेगळे बघायचे. दोन्हींपैकी एकानं जरी रेघ ओलांडली तरी धोका. पूजाचं वरचं आज सकाळपर्यंत रेघेच्या आत होतं. खालचं केव्हाच ओलांडून गेलं होतं. तिच्या नळ्या आकसल्यात, म्हणून हृदय सैल पडलं तरी दाब उतरत नाही."

नानांनी पुन्हा एकदा मूठ आवळली, सोडली. मूठ सैल सोडलेल्या हाताकडे बघत राहिले.

"म्हंजे पोरीच्या नळ्यांना दम खायला उसंतच नव्हती," ते म्हणाले. "आन मी म्हनत व्हतो, जोर आला."

निकिताताईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात गाडीचा भोंगा वेशीपाशी ऐकू आला.

गाडीत पूजाबरोबर साळूबाई आणि निकिताताई बसल्या. नाना मागून शेजाऱ्याच्या गाडीनं निघाले. वाटभर पिंपळगाव, ओझर, हमरस्त्यावरचे कांद्याचे ट्रक, सगळं मागं पडत गेलं आणि नानांना एकही ट्रक दिसला नाही. त्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. नव्वद झालं त्या दिवसापासून आजपर्यंत किती ठोके पडले असतील? दर ठोक्याला त्या पोरीच्या अंगात दाब चढलेला, आणि उतरायची वेळ आली की न उतरलेला. आपण रोज ओट्यावर बसून तो आकडा मोठ्या आवाजात वाचून दाखवला. आपल्या हातानं पट्टा बांधला. पोरगी म्हणत होती, ताईंनी फोन करायला सांगितलंय. आणि आपण तिला हमीभाव शिकवला.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी पूजाला लगेच आत घेतलं. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन, दाब उतरवायची औषधं, बाळाच्या फुफ्फुसांना बळकटी यावी म्हणून आणखी इंजेक्शनं. संध्याकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा दीपक, साळूबाई, नाना तिघंही उभे राहिले. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. "एखाददोन दिवस उशीर झाला असता तर झटके आले असते, दोघांचंही सांगता आलं नसतं. आता नजरेखाली आहे. बाळाचे ठोके चांगले आहेत." आणि पुढच्या पेशंटकडे गेल्यासुद्धा.

वेळेवर आणलंत. हे शब्द नानांनी स्वतःकडे घेतले नाहीत. त्यांनी वळून बघितलं. निकिताताई भिंतीशी बाकावर बसून पिशवीतला सकाळचा डबा आता उघडत होती. वेळेवर आणणारी ती तिथं होती. नाना तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. ती गडबडून उठली. "नाना, अहो वडिलांच्या वयाचे तुम्ही." डब्यातली पोळी तिनं निम्मी मोडली आणि त्यांच्या हातात दिली. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही हे नानांना तेव्हा आठवलं. त्यांनी ती पोळी खाल्ली, रडत रडत खाल्ली, आणि त्या दोघांकडे बघून दीपकलाही हुंदका आवरला नाही.

डॉक्टरांनी दाब काबूत ठेवत काही दिवस काढले. मग तो औषधांनाही जुमानेना, तेव्हा सिझेरियन केलं. मुलगी झाली, हातभर, लाल, जरा कमी दिवसांची. काचेच्या पेटीत राहिली, आईच्या छातीशी उघड्या अंगानं झोपली, दूध ओढायला शिकली. नाना रोज नाशिकला जात. पूजाचं बीपी घ्यायला सिस्टर आली की ते खाटेपाशी उभे राहत आणि आधी खालचा आकडा विचारत. तो लगेच उतरला नाही. बाळंतपणानंतरही चढउतार चालू राहिला, गोळ्या घेऊनच पूजा घरी आली.

सहाव्या आठवड्यात निकिताताई घरी आली. पूजा ओट्यावर भिंतीला टेकून बसली. चाळीतला कांदा निम्मा विकून झाला होता. नाना बाळाला मांडीवर घेऊन बाजूला. मशीन आत कपाटात होतं. त्या दिवसापासून नानांनी पुकारणं बंद केलं होतं. शेजारी कुणी आलं तर ते म्हणत, "उपकेंद्रात जा. दोन्ही आकडे ताईला सांग. मला नको."

निकिताताईनं हवा भरली, सोडली. "घ्या नाना, तुम्हीच ऐका," ती म्हणाली आणि नळ्या त्यांच्या कानात घातल्या. "मी परत भरते. पहिला ठोका ऐकू आला की काटा बघा. तो वरचा. मग ठोके येत राहतील. ज्या जागी आवाज बंद पडेल, तो खालचा."

नानांनी श्वास रोखला. काटा उतरत चालला. शांतता. मग एकदम, कुठूनतरी लांबून, धप्. काटा एकशे सोळावर. धप्, धप्, धप्, पूजाच्या अंगातलं रक्त त्यांच्या कानात चालत होतं. काटा नव्वदवर आला, आवाज चालूच. ऐंशी, आवाज विरळ. आणि चौऱ्याहत्तरवर सगळं थांबलं.

"चौऱ्याहत्तर!" नाना ओरडले. निवडायला बसलेल्या बाया वळून बघायला लागल्या. कुठलाही भाव पडला म्हणून या माणसाला आनंद झालेला गावानं कधी बघितला नव्हता.

"दोन आठवडे असंच आहे," निकिताताई म्हणाली. "डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितलीये. पण दर वर्षी तपासायचं बरं का, पूजा. ज्यांना असं होतं त्यांना पुढंही बीपी होऊ शकतं." मग ती नानांकडे वळली. "आणि नाना, माझे आभार मानायचे थांबवा आता. त्या सोमवारी तुम्ही सगळे आकडे धडाधड सांगितले म्हणून मला कळलं. नाहीतर गोळ्या देऊन मी तुम्हाला वाटेला लावलं असतं."

"नका सांगू तसं," नाना मान खाली घालून म्हणाले. "चूक माझीच व्हती. मी तिला फोन करू दिला नाय."

इतका वेळ पूजा गप्प होती. त्या दिवसापासून या विषयावर ती सासऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती, आणि नानाही तिच्या नजरेला नजर देत नव्हते. घरात पुन्हा एकदा न बोलायची एक गोष्ट तयार होत होती. पूजानं पदर सारखा केला.

"चूक तुमचीच व्हती, नाना," ती म्हणाली. साळूबाईच्या हातातलं सूप थांबलं. "मला लय राग आला व्हता. दवाखान्यात पडल्या पडल्या रोज यायचा. मी बोलले व्हते, तुम्ही ऐकलं नाय. आन तरीबी, तुम्ही रोज पट्टा बांधला, आकडा न आकडा ध्यानात ठेवला, जाऊन ताईंना सांगितला, म्हनून मी हितं बसले हे. दोन्ही खरं हे. त्याची सरासरी काढत बसू नका."

नानांनी वर बघितलं. सून हसत होती, डोळे भरलेले होते. पुढच्या वेळी ऐकाल का, असं तिनं विचारलं नाही आणि ऐकीन असं त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी फक्त मान हलवली, दोनदा, जोरात. छातीवरचा दगड उतरला की माणसाला एकदम थकवा येतो, तसे ते भिंतीला टेकले. या घरावर केवढी मेहेरबानी झाली होती, आणि ती कुणाकुणाच्या हातांनी झाली होती!

मांडीवरच्या नातीनं अंग ताणलं. नानांनी तिच्या इवल्याशा छातीवर दोन बोटं टेकवली. ठोके भराभर पडत होते, मोजता येऊ नयेत इतके भराभर. पण दोन ठोक्यांच्या मध्ये, बोटाखाली, काहीतरी सैल पडत होतं. नाना तेवढ्याचीच वाट बघत, बोटं न हलवता, बसून राहिले.